रणरणत्या उन्हात वलणी: कुठला कपडा उन्हात, कुठला सावलीत

मार्च ते मे या काळात कोल्हापुरातल्या बहुतेक गच्च्यांवर एकच क्रम दिसतो. सकाळी दहा-साडेदहाला सगळी बादली एकाच वलणीवर रिकामी होते आणि कपडे उतरतात संध्याकाळी दिवे लागताना. टॉवेल, काळे टी-शर्ट, सुती साडी, रेशमी ब्लाउज, पोरांच्या फुटबॉलच्या जर्सी, सगळे एकाच रांगेत. मग महिन्या-दोन महिन्यांत शर्टाचे खांदे फिके पडतात, साडीवर घडीच्या जागी पांढुरका पट्टा उमटतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. दोष साबणाला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो, पण बऱ्याचदा चूक वलणीवरच झालेली असते.

मुळात एक गोष्ट पक्की करून घ्यावी. कपडा वाळायला हवा असतो वारा आणि कोरडी हवा. ऊन त्या कामाला वेग देतं, पण एप्रिलच्या कोरड्या हवेत पातळ कपडा सावलीतही दोन-तीन तासांत वाळतो. उरलेल्या वेळात ऊन कपडा वाळवत नसतं, रंग खात असतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे प्रश्न एकच आहे: या कपड्याला उन्हातून काही मिळणार आहे का, की नुसतं जाणारच आहे?

## १. धुण्याआधी तीन ढीग

ढीग वलणीपाशी लावत बसू नका. तोवर सगळे कपडे ओले आणि जड झालेले असतात, आणि घाईत हाताला येईल तो कपडा पुढे जातो. कोरडे असतानाच तीन ढीग करा.

पहिला ढीग, थेट ऊन. पांढरे सुती कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पंचे, बाळाची लंगोटं आणि दुपटी. सुती धागा ऊन चांगलं सोसतो आणि पांढऱ्याला उडायला रंगच नसतो. हळदीचा डाग तर उन्हातच जातो, कारण हळदीचा पिवळा रंग उजेडात टिकत नाही. डाग साबणाने धुताना लालसर झाला तर घाबरू नका. हळद साबणाच्या खारात रंग बदलते. नीट खळबळून ओला असतानाच उन्हात पसरा. एका दिवसात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून ठेवा. हा उपाय पांढऱ्यावरच करायचा, रंगीत कपड्यावर हळदीबरोबर मूळ रंगही उतरेल.

दुसरा ढीग, सकाळचं कोवळं ऊन किंवा सावली, तेही उलटं करून. गडद सुती कपडे: काळे, नेव्ही ब्लू, लाल, मरून. जीन्स याच ढिगात, कारण तिचा निळा रंग धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेला असतो. छापील कुर्ते आणि इरकलसारख्या सुती साड्याही इथेच.

तिसरा ढीग, फक्त सावली. रेशीम, लोकर, नायलॉन आणि इलॅस्टिक असलेलं सगळं.

या तिसऱ्या ढिगाचं कारण रंगापुरतं नाही. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आहेत. कडक उन्हात ते पिवळे पडतात आणि आतून ठिसूळ होतात. रंग फिका पडलेला लगेच दिसतो, पण रेशमाचा कमकुवतपणा दिसत नाही. एक दिवस ब्लाउज काखेत उसवतो आणि शिंप्याला बोल लागतो. नायलॉनही उन्हाने पिवळं आणि कच्चं होतं. अंतर्वस्त्रं, मोजे, ट्रॅक पँटची कंबर, स्ट्रेचेबल लेगिंग्ज यांच्यातला ताणणारा धागा उष्णता आणि ऊन दोन्हींनी मरतो, आणि एकदा सैल पडला की परत आवळत नाही.

पॉलिएस्टर मात्र या टोळीत नाही. ते ऊन बऱ्यापैकी सोसतं. तालमीच्या फुटबॉल जर्सीचं कापड सहसा पॉलिएस्टरचंच असतं, पण तिच्या पाठीवरचा नंबर आणि नाव उष्णतेने चिकटवलेलं असतं. भर उन्हात तापून ते सोलटतं, तडकतं किंवा घडीत एकमेकांना चिकटतं. पॉलिएस्टर पाणी धरून ठेवत नसल्यामुळे जर्सी सावलीत तासा-दीड तासात वाळते. मग तिला उन्हात टाकून मिळणार काय?

> तपासा: कपड्याच्या आतल्या लेबलवर चौकोन आहे का बघा. चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तिरकी रेघ असेल (काही लेबलांवर दोन) तर सावलीत वाळवायचं. चौकोनात मधोमध आडवी रेघ असेल तर टांगायचं नाही, सपाट पसरायचं.

## २. लेबल नसेल तर

शिवून घेतलेले कपडे, साड्या, आठवडी बाजारातून घेतलेलं कापड, यांना लेबल नसतं. तिथे दोन चाचण्या पुरतात.

पहिली, कापड कशाचं आहे याची. शिवणीच्या आतल्या बाजूने एक धागा काढा, चिमट्यात धरून मोरीपाशी पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि हलकी राख म्हणजे सुती. केस जळाल्याचा वास आणि बोटांत चुरडणारी काळी गाठ म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. अशा वेळी जो धागा नाजूक, त्याचा नियम लावायचा. चाचणी फक्त सुट्या धाग्यावर करा, कपड्याजवळ काडी नेऊ नका.

दुसरी, रंग उन्हात टिकतो का याची. ही फारसं कुणी करत नाही, पण महागाची सुती साडी असेल तर करण्यासारखी आहे. ब्लाउजपीसमधला किंवा शिंप्याकडे उरलेला चिंधीएवढा तुकडा घ्या. अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने घट्ट झाका आणि तुकडा आठ-दहा दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. रोज सकाळी पाणी शिंपडून ओला करा, कारण बरेचसे रंग ओल्या कापडावर जास्त वेगाने उडतात आणि वलणीवर कपडा ओलाच असतो. शेवटी पुठ्ठा काढून बघा. दोन भागांमधली रेघ स्पष्ट दिसली तर ती साडी आयुष्यभर सावलीची.

ओला पांढरा रुमाल दाबून रंग लागतो का बघण्याची पद्धत वेगळी आहे. तिच्यातून रंग पाण्यात सुटतो का एवढंच कळतं. पाण्यात न सुटणारा रंगही उन्हात उडू शकतो.

## ३. सावली कुठे आहे ते आधी शोधा

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, उन्हाळ्यात साधारण साडेबाराला. एप्रिलमध्ये साडेनऊ ते साडेतीन या वेळात ऊन सगळ्यात तिखट असतं. घड्याळ नसेल तर स्वतःच्या सावलीकडे बघा: ती तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तोवर रंगीत कपडा थेट उन्हात नको.

दुसरी गोष्ट दिशेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत दिवसभर सावली असते, आणि ती सवय उन्हाळ्यातही तशीच चालू राहते. पण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या अगदी डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेच्या गॅलरीत सकाळी आणि दुपारनंतर तिरपं ऊन आत येतं. जानेवारीत जिथे रेशमी साडी बिनघोर वाळली, तिथेच मे महिन्यात तिच्यावर पट्टा उमटतो.

जुन्या घरात सोपा किंवा परड्यातल्या झाडाखालची जागा चांगली, फक्त झाडावर पक्षी बसत नाहीत ना ते बघा. फ्लॅटमध्ये छत असलेली गॅलरी चालते. पत्र्याच्या शेडखाली सावली असते पण पत्रा तापला की खाली भट्टी होते. तिथे इलॅस्टिकचे कपडे पत्र्यापासून तीन-चार फूट खाली आणि शेडच्या कडेला टांगा, म्हणजे वारा लागेल.

शेतीच्या दुकानात मिळणारी हिरवी शेडनेट गच्चीवर बांधली तर चांगला मध्यम मार्ग होतो. ७५ टक्क्यांची जाळी म्हणजे पाव भाग ऊन खाली येतंच. गडद सुती कपड्याला ते चालतं, रेशमाला नाही.

> सावध: सावली म्हणजे बंद खोली नव्हे. वारा नसलेल्या सावलीत सुती कपडा तासन्‌तास ओला राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. फॅन लावा, पण वारा हवाच.

## ४. कडकपणा वलणीवर नाही, बादलीत सुरू होतो

टॉवेल उन्हामुळे कडक होतो ही अर्धी गोष्ट आहे. सुती धागा वाळला तरी थोडं पाणी धरून ठेवतो. कपडा न हलता वाळला की ते उरलेलं पाणी शेजारच्या धाग्यांना गोंदासारखं जोडून ठेवतं. वाऱ्यात फडफडत वाळलेला टॉवेल मऊ का राहतो, याचं उत्तर इथे आहे. त्याचे धागे जोडले जायला निवांत वेळच मिळत नाही.

त्यात भर पडते साबणाच्या आणि क्षारांच्या थराची. बोअरचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा सहसा जड असतं. जड पाण्यात साबण नीट फेसत नाही म्हणून जास्त टाकला जातो आणि तो धाग्यात अडकून वाळतो. म्हणून:

१. पावडर पाकिटावर सांगितली आहे तेवढीच. फेस कमी आला म्हणून आणखी मूठभर टाकू नका.

२. टॉवेल दोनदा खळबळा. दुसऱ्या पाण्यात हात फिरवल्यावर फेस उठला तर तिसऱ्यांदा.

३. पाणी बोअरचं असेल तर शेवटच्या बादलीत, म्हणजे साधारण १५ लिटरला, पाव वाटी पांढरा व्हिनेगर टाका आणि पाच मिनिटं ठेवा. वाळल्यावर वास राहत नाही. व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो.

४. टॉवेलला सॉफ्टनर नको. तो मऊ लागतो खरा, पण पाणी टिपेनासा होतो.

पिळण्याचा नियमही ढिगाप्रमाणे बदलतो. टॉवेल, चादर, जीन्स जोरात पिळा किंवा मशीनमध्ये पूर्ण स्पिन द्या. रेशीम आणि लोकर पिळायची नाही. कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबा, टॉवेल पाणी ओढून घेईल. पॉलिएस्टर पिळलं तर चुण्या बसतात, नुसतं निथळू द्या.

## ५. वलणीवर घालताना

आधी दोरी ओल्या फडक्याने पुसा. ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऊस आणि गुऱ्हाळांचा हंगाम असतो. फडातला पाला पेटवला की काळी काजळी उडत येऊन दोरीवर, कठड्यावर बसते, आणि ओल्या पांढऱ्या शर्टावर तिची रेघ उमटते. ती हाताने झटकू नका, चोळली की आत जाते. वाळल्यावर फुंकून किंवा ब्रशने हलकेच काढा. लोखंडी तार असेल तर गंज बघा. गंजाचा डाग साबणाने निघत नाही.

मग एकेक कपडा असा घाला:

झटका. दोन टोकं धरून चार-पाच वेळा जोरात. टॉवेलचे धागे उभे राहतात आणि इस्त्रीचं निम्मं काम इथेच होतं.

उलटा करा. दुसऱ्या ढिगातलं सगळं, बाह्या आणि खिशांसकट. बाही सुलटी राहिली तर शर्टाचं अंग एका रंगाचं आणि बाह्या दुसऱ्या रंगाच्या होतात.

खालच्या कडेने टांगा. दुपारी ऊन वरून पडतं, म्हणून वलणीवरचा सगळ्यात वरचा भागच जास्त उडतो. शर्ट खांद्यांवर टांगला तर खांदे फिके पडतात, आणि ते सगळ्यांना दिसतात. घेराच्या कडेला, बाजूच्या शिवणीवर चिमटे लावा. तिथे थोडा रंग गेला तरी कपडा खोचल्यावर झाकतो. जीन्स मात्र कमरेने टांगा, कमरेचा जाड भाग वर राहिला की खिशांना वारा लागतो.

साडी दुहेरी टाकून विसरू नका. घडी दोरीवर येते आणि बरोबर तिथेच पट्टा उमटतो. गडद सुती साडी शक्यतो दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, म्हणजे टोकदार घडी राहत नाही. एकच दोरी असेल तर दर अर्ध्या तासाने वीतभर सरकवा. जरीचा पदर आतल्या बाजूला ठेवा.

स्वेटर टांगू नका. ओली लोकर स्वतःच्या वजनानेच लांबते. सावलीत खाटेवर पंचा पसरून त्यावर सपाट ठेवा आणि अर्धा वाळल्यावर पालथा करा.

मोजे बोटांकडून. इलॅस्टिकच्या तोंडाला चिमटा लावला तर तेच तोंड ताणलं जातं.

> तपासा: दोन कपड्यांमध्ये चार बोटं आणि दोन दोऱ्यांमध्ये किमान दीड फूट अंतर आहे का? कपडे एकमेकांना चिकटलेले असतील तर मधली बाजू ओलीच राहते आणि ती वाळायची वाट बघताना बाहेरची बाजू भाजते.

खळ घातलेल्या सुती साड्या आणि कुर्ते यांची गोष्ट थोडी निराळी आहे. ते मुद्दामच कडक हवे असतात. पण घट्ट खळ गडद कापडावर उन्हात भराभर वाळली की पांढुरकी पापडी धरते. गडद रंगाला खळ पातळ करा, गाळून घ्या, आणि सावलीत वाळत असताना अर्धवट ओल्या अवस्थेत एकदा चारही बाजूंनी ताणून सरळ करा.

## ६. एका सकाळचा हिशेब

एप्रिलमधला रविवार. एका घरचं धुणं असं आहे: दोन टॉवेल, एक पांढरी चादर, शाळेचे दोन पांढरे शर्ट, एक जीन्स, एक काळा सुती टी-शर्ट, मरून सुती साडी, एक जर्सी, एक रेशमी ब्लाउज आणि मोजे. गच्चीवर दोन दोऱ्या, खाली छत असलेली पूर्वेची गॅलरी.

मशीन सहाला लावा, म्हणजे साडेसात-पावणेआठपर्यंत वलणीवर पहिला कपडा जाईल. पहिला मान जीन्स आणि काळ्या टी-शर्टला. दोन्ही उलटे करून गच्चीवर. सकाळचं ऊन सौम्य असतं, त्याचा फायदा गडद कपड्यांनीच घ्यावा. पांढऱ्यांना घाई नाही, त्यांचं ऊन अजून यायचं आहे. नेहमी होतं नेमकं उलट: आधी पांढरे जातात आणि गडद कपडे दुसऱ्या घाण्यात अकराला.

गॅलरी पूर्वेची म्हणजे सकाळी तिथे ऊन. त्यामुळे ब्लाउज, जर्सी आणि मोजे तोवर घरात खिडकीपाशी फॅनखाली ठेवा. साडेनऊला टी-शर्ट काढा. शिवणी थोड्या ओल्या असतील तर आत टांगा. जीन्स अजून ओली असणार, तीही आत घ्या. आता रिकाम्या झालेल्या दोऱ्यांवर टॉवेल, चादर आणि पांढरे शर्ट. टॉवेल तासाभराने एकदा झटकून उलटा करा, हा एक मिनिटाचा उद्योग व्हिनेगरइतकाच कामाचा आहे.

अकराच्या पुढे ऊन वर चढलं की गॅलरीत सावली येते. तिथे ब्लाउज, जर्सी, साडी आणि जीन्स. बारा-साडेबारापर्यंत गच्चीवरचं सगळं वाळलेलं असतं आणि ते तेव्हाच उतरवायचं. पांढऱ्या कपड्यांनाही वाळल्यावर उन्हात ठेवून फायदा नाही. बाजारातल्या बहुतेक पावडरींमध्ये पांढऱ्याला निळसर चमक देणारा घटक असतो. तोही उन्हात मरतो, आणि दिवसभर तापलेला शर्ट मग पिवळट वाटू लागतो.

> वाळला की नाही कसं ओळखाल? मधला भाग बघू नका. जीन्सचा खिसा आणि कंबर, शर्टाची कॉलर, टॉवेलची काठाची पट्टी चिमटीत धरा. थंड लागली तर आत ओल आहे. उन्हातला कपडा गरम असतो आणि फसवतो, म्हणून दोन मिनिटं सावलीत आणून मग चाचपा.

एप्रिल-मेमध्ये लवकर उतरवायचं आणखी एक कारण वळीव आहे. दुपारी तीन-चारनंतर ढग जमले की आधी धुळीचा वारा येतो, पाऊस नंतर. वाळलेल्या कपड्यांवर धूळ आणि तिच्यावर टपोरे थेंब पडले की सगळं धुणं पुन्हा मोरीत.

## ७. आधीच बिघडलं असेल तर

कडक टॉवेल सुधारतो. साबण न घालता कोमट पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर टाकून अर्धा तास भिजवा, दोनदा खळबळा, झटकून वाऱ्यात वाळवा. एका खेपेला फरक जाणवला नाही तर पुढच्या धुण्याला पुन्हा करा.

उडालेला रंग परत येत नाही. सुती कपडा असेल तर रंगवून घेता येतो, पण पट्टा पडलेल्या साडीवर नवा रंगही पट्ट्यापाशी वेगळा बसण्याची शक्यता असते. म्हणून फिक्यावर गडदच रंग द्यावा. पिवळं पडलेलं रेशीम ब्लीचने उजळायला जाऊ नका. क्लोरीनचं ब्लीच रेशमाचा धागाच खातं.

आणि जाता जाता वलणीकडेही बघा. नायलॉनची दोरी उन्हाने आतून कच्ची होते. बोटाने घासल्यावर पांढरी भुकटी निघाली किंवा तुसं टोचली तर ती बदला, नाहीतर ओल्या चादरीच्या वजनाने नेमकी धुतलेल्या दिवशी तुटते. प्लास्टिकचे चिमटे कपड्यांबरोबर उतरवून पिशवीत टाका. दोरीवर राहिलेले चिमटे एका उन्हाळ्यात ठिसूळ होतात आणि लावतानाच बोटात मोडतात.